मदत हवी आहे: वसुली झाल्यावरच देय होणारं एजंट कमिशन ३१ मार्चला धरायचं का?

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका पंप कारखान्याचे हिशेब मी बघतो. एजंटांना ३ टक्के कमिशन, पण करारात स्पष्ट आहे: पार्टीचे पैसे आले तरच.

३१ मार्चला येणं ४९,५६,००० होतं. आधीच्या अकाउंटंटने त्यावरच ३ टक्के लावून १,४८,६८० ची तरतूद केली होती. त्यात १८ टक्के जीएसटीही आला की! मूळ विक्री ४२ लाख, म्हणजे कमिशन १,२६,०००. शिवाय एक पार्टी दीड वर्षापासून फोनच उचलत नाही. तिचे मूळ ५ लाख वगळले तर १,११,०००.

विक्री यंदाच्या नफ्यात धरली, म्हणून खर्चही यंदाच, हे मला पटतं. पण सीए म्हणतात, वसुलीआधी एजंटाचा हक्कच उभा राहत नाही, आयकरात हा खर्च अडकेल. आणि टीडीएस? १९४एच मध्ये सस्पेन्स खात्यात जमा केलं तरी कापावा लागतो. मग एजंटवार तरतुदीवर आत्ताच कापायचा, की वसुलीनंतर?

असेसमेंटमध्ये हा मुद्दा कुणाचा निघाला असेल तर कृपया सांगा. आमच्या शेठना दोन्हीकडून कमीच भरायचंय, ते सोडा.