मदत हवी आहे: जीबीएसचा पेशंट, नळी आत्ताच घालू का?

खानापूर तालुक्यातल्या छोट्या दवाखान्यातून लिहितोय. 45 वर्षांचे शेतकरी, वजन 60 किलो. चार दिवसांपूर्वी पायांपासून लुळेपणा सुरू झाला, आता हातही उचलत नाहीत. सकाळी व्हायटल कपॅसिटी 1.8 लिटर होती, म्हणजे किलोला 30 मिली. संध्याकाळी 1.2 लिटर. किलोला 20 मिलीची मर्यादा गाठली आणि घट तिसऱ्या हिश्श्याची झाली. एका श्वासात सकाळी 25 पर्यंत मोजत होते, आता 14 ला थांबतात. उशीवरून मान उचलत नाही, खोकला अगदी पोकळ.

घोळ असा की चेहराही लुळा आहे, ओठांतून हवा गळते, त्यामुळे स्पायरोमीटर कमी दाखवत असेल. घट्ट मास्क लावून मोजलं तर 1.25 आलं, म्हणजे गळती हे कारण नव्हे. ऑक्सिजन 97 टक्के, कार्बन डायऑक्साइडही नॉर्मल, नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, बरे तर दिसताहेत की!" पण हे आकडे बिघडेपर्यंत थांबलो तर उशीर होईल.

बेळगावला न्यायचंय. इथेच नळी घालून पाठवू, की तसंच? सक्सिनिलकोलीन टाळणार आहे, पोटॅशियम उसळतं. नळी घालताना नाडी-रक्तदाब कोसळल्याचा अनुभव कुणाला आहे का?