टप्प्याने मोजता येतं, मग पाच साती का अडतं?

शाहूपुरीची आई: मुलगा दुसरीत आहे. पाच, दहा, पंधरा, वीस असं पन्नासपर्यंत एका दमात म्हणतो, दोनचं आणि दहाचं पण येतं. पण पाच साती किती विचारलं की कधी तीस म्हणतो, कधी चाळीस. सासरे म्हणतात ते टप्प्याने मोजणं बंद करा आणि सरळ पाढे पाठ करून घ्या. काय करू?

निवृत्त गुरुजी: सासऱ्यांचं ऐका. आमच्या वेळी दिवेलागणीला पाढे, ते पण तिसापर्यंत, वर पावकी, निमकी, दिडकी. विचारलं की उत्तर तोंडात तयार असायचं. आताची पोरं बोटं मोजत बसतात, गुळाच्या पेढीवर अशी बोटं मोजून हिशेब होतोय का?

करवीरची बाई: गुरुजी, पाठांतर हवंच, पण ह्या पोराचं दुखणं वेगळं आहे. तीस आणि चाळीस, दोन्ही पस्तिसाच्या शेजारचीच आहेत बघा. एका उडीची चूक आहे ती. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी मोजायच्या असतात, तोंडाने पाच दहा पंधरा आणि मनात किती उड्या झाल्या ते, आणि ही दुसरी मोजणी त्याच्याकडे नाहीच, कारण पाच दहा पंधरा हे त्याला कवितेसारखं पाठ झालंय. पट्टीवर शून्यावर बोट ठेवून तिथंच "एक" म्हणाला की सात होईपर्यंत तिसावरच पोचतो, आणि तोंड बोटाच्या पुढं पळालं की चाळीस. ताई, खात्री करायची तर त्याला मध्येच पंचविसावर थांबवा आणि विचारा, किती पाच झाले? तिथं अडला तर हेच कारण.

मग पाच रुपयांची सात नाणी द्या, एकेक ठेवत जायचं आणि ठेवलं की मगच बोलायचं, हाताच्या आधी तोंड नाही. चारेक दिवसांनी नाण्यांच्या जागी बोटं. एक अख्खा हात म्हणजे पंचवीस, हे पक्कं झालं की पाच साती म्हणजे एक हात आणि दोन बोटं, पंचवीस, तीस, पस्तीस. पहिल्यापासून सुरू करायची गरज संपली की पोरगं पाढ्याच्या दारात आलं असं मी धरते.

रंकाळ्याचा भावा: बरोबर हाय बाई! टप्प्याने मोजणं म्हणजेच गुणाकार की ओ, मग पाढे पाठ करायचेच कशाला?

करवीरची बाई: तसं नाही भाऊ. दोन, पाच, दहाला शेवटच्या आकड्याची चाल आहे, पाचाचं शून्य नाहीतर पाच, दहाचं नुसतं शून्य, म्हणून ते जिभेवर बसतं. साताला तशी सोपी चाल नाही, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, शेवटचा आकडा उड्या मारत फिरतो. टप्प्याने सातापुढं गेलात की पोरं थकतात.

निवृत्त गुरुजी: आलात ना शेवटी पाठांतरावर. सात आठी किती म्हणून तुमची नाणी कुठवर मांडणार?

करवीरची बाई: पाच आठी चाळीस, बे आठी सोळा, छप्पन्न. दोन आणि पाच येतंय म्हणून सात उभा राहतो. शेवटी छप्पन्न पाठ व्हायलाच पाहिजे हे मान्य, पण परीक्षेत विसरला तर तुमच्या पोराला पहिल्यापासून पाढा म्हणावा लागतो आणि माझ्याला मधूनच वाट सापडते.

निवृत्त गुरुजी: पाठ असलेला विसरतच नाही.

चप्पलवाला, महाद्वार रोड: आमच्याकडं पण हेच होतंय की. नवा पोरगा जोड मोजतोय दोन, चार, सहा करत, आणि चोवीस सांगतोय. मी चोवीस जोड लिहिलं, होते बारा. आता मी त्याला प्रत्येक जोडाला खडूची रेघ मारायला लावलीय. माझं म्हणणं, पोरांना उलटं मोजायला पण शिकवा, वीस, अठरा, सोळा, त्यात लई फायदा हाय.

करवीरची बाई: मामा, रेघ ही तीच दुसरी मोजणी. उलटं मोजणं भागाकाराला उपयोगी येईल, आत्ता नको, गोंधळेल.

शाहूपुरीची आई: नाणी मांडून पाहिली, तिसऱ्या दिवशी पस्तीस बरोबर आलं. पण सात पंचे विचारलं तर सात, चौदा करत अडकला, दोन्ही एकच हे त्याच्या डोक्यातच नाही.

निवृत्त गुरुजी: म्हणून तर साताचा पाढा वेगळा पाठ करायचा असतो.

करवीरची बाई: तीस अंड्यांचा रिकामा ट्रे आणा ताई. एका बाजूनं सहा ओळी, ओळीत पाच, पाच सक तीस. तोच आडवा फिरवा, पाच ओळी, ओळीत सहा, सहा पंचे तीस. ट्रे त्यालाच फिरवू द्या, तुम्ही फिरवू नका. जमलं की साताचं त्याला वहीच्या चौकटीत काढायला सांगा.