पाण्याच्या पंपासाठी रिले मॉड्यूल घ्यावं की एसएसआर?

सांगलीकर_अनिकेत
नमस्कार मंडळी. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा आमचा पंप ईएसपी३२ या वायफाय बोर्डवरून चालू-बंद करायचा आहे. पंप १ एचपीचा, सिंगल फेज मोनोब्लॉक. पाटीवर ०.७५ किलोवॅट, २३० व्होल्ट, ७ अँपिअर असं लिहिलं आहे. सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा चालतो. माझ्याकडे निळ्या रिलेचं मॉड्यूल पडून आहे, त्यावर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलंय. एक मित्र म्हणतो एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले घे. कुणी प्रत्यक्ष वापरलं आहे का? दोन्हींत काय घेऊ?

रोहन_डी
डोळे झाकून एसएसआर घ्या, ४० अँपिअरचा. आत हलणारं काही नाही, ठिणगी नाही, त्यामुळे खराबच होत नाही. तुमचे ७ अँपिअर म्हणजे त्याला काहीच नाही. थेट ईएसपीच्या पिनला जोडा, काम झालं.

मळेवाली
माझं निळं रिले मॉड्यूल दोन उन्हाळे झाले बिनतक्रार चालू आहे. ठिबकचे वाल्व त्यावरच आहेत. उगाच खर्च वाढवू नका.

पॅनलवाले_काका
मळेवाली ताई, तुमचे वाल्व बहुतेक २४ व्होल्टचे असणार, अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नसतील. तिथे हे मॉड्यूल उत्तमच. पंपाचं गणित निराळं आहे.

अनिकेत, पाटीवरचे ७ अँपिअर मोटर फिरायला लागल्यानंतरचे. बटण दाबल्याच्या क्षणी मोटर थांबलेली असते आणि त्याच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे ३५-४० अँपिअर. असतं ते सेकंदापेक्षा कमी वेळ, पण नेमक्या त्याच वेळी रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून किंचित उसळतात. उसळीत ठिणगी पडते, चांदीचा पृष्ठभाग वितळतो आणि कॉन्टॅक्ट तिथेच चिकटतात. मॉड्यूलवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी असतात, मोटरसाठी नाहीत. चिकटला की ओळखायची खूण अशी: मॉड्यूलचा दिवा विझतो, पंप मात्र चालूच राहतो. बोटाने टकटक केलं की सुटतो आणि माणसाला वाटतं दुरुस्त झाला. असा एकदा चिकटलेला रिले परत वापरायचा नाही.

आता रोहनचा मुद्दा. एसएसआरला ठिणगी नाही हे बरोबर, आणि अस्सल ४० अँपिअरचा असेल तर सुरुवातीचा झटका तो आरामात सोसतो. पण 'खराबच होत नाही' हे मान्य नाही. चालू असताना त्याच्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतात. ७ अँपिअरला गुणा, जवळपास ९ वॅट उष्णता झाली, आणि ती पंप चालेल तितका वेळ निघत राहते. बंद प्लास्टिकच्या डब्यात, हीट सिंकशिवाय, सांगलीच्या मे महिन्यात तो भाजून निघेल. आणि एसएसआर मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे पंप चालू अवस्थेत. बाजारात नकली मालही भरपूर आहे, वर ४० छापलेलं आणि आत छोटा ट्रायॅक.

रोहन_डी
काका, हीट सिंक लावला तर? माझ्या ओव्हनमध्ये एसएसआर आहे, मस्त चालतो.

पॅनलवाले_काका
ओव्हनमध्ये तोच हवा, कारण तापमान राखायला हीटर सतत चालू-बंद होतो. तिथे रिले लवकर झिजेल. अनिकेतचा पंप दिवसातून दोनदा चालतो, वर्षाला साडेसातशे वेळाही नाही. एसएसआरचा जो मोठा फायदा, तो इथे वापरलाच जात नाही. उष्णतेचा त्रास मात्र पुरता मिळतो.

मी दोन्ही सुचवत नाही. रिले मॉड्यूल ठेवा, पण त्याच्याकडून पंप चालवू नका. त्याच्याकडून कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट रिलेची कॉइल चालवा, आणि पंप कॉन्टॅक्टर चालवेल. मोटरसाठीच्या वर्गात, म्हणजे एसी-३ मध्ये, ९ अँपिअर लिहिलेला, २३० व्होल्ट कॉइलचा घ्या. कॉइल ओढून घेताना साधारण पाव-एक अँपिअर लागतो आणि धरून ठेवायला त्याहून कितीतरी कमी. तुमच्या निळ्या रिलेला तेवढं झेपतं.

जोडणी: फेज आधी रिलेच्या कॉमनला, एनओवरून वरच्या टाकीतल्या फ्लोट स्विचला आणि तिथून कॉइलच्या ए१ ला. ए२ न्यूट्रलला. टाकी भरली की उघडेल असा फ्लोट घ्या. मग ईएसपी अडकला किंवा निळा रिलेच चिकटला, तरी टाकी भरल्यावर कॉइलचा पुरवठा तुटतो. पंपाची फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॉन्टॅक्टरमधून तोडा. काम मेन बंद करून, आणि शेवटचं टर्मिनल वायरमनकडून तपासून घ्या.

तेजस्विनी_के
एक भर घालते. कॉइल सुटताना जो झटका येतो त्याने ईएसपी रीसेट होतो किंवा वायफाय तुटतं, आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. कॉइलच्या ए१-ए२ वर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड एक्स२ कपॅसिटर मालिकेत लावा. तयार सर्ज सप्रेसरही मिळतात. पंप बंद होण्याच्या क्षणीच रीसेट होत असेल तर कारण हेच समजा.

रोहन, तुझ्या सल्ल्यातल्या थेट पिनबद्दल: बऱ्याच एसएसआरवर इनपुट ३ ते ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि ईएसपी ३.३ च देतो. चालतो, पण अगदी काठावर. मध्ये ट्रान्झिस्टर टाकून ५ व्होल्ट दिलेले बरे.

गावाकडचा_इंजिनिअर
कॉन्टॅक्टरला माझा एक आक्षेप आहे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. २३० ची कॉइल साधारण १९५ च्या खाली नीट ओढेल याची हमी नसते. ओढली तरी पंप सुरू होताना व्होल्टेज आणखी पडतं, कॉइल सुटते, परत ओढते, आणि मशिनगनसारखा आवाज करत कॉन्टॅक्ट जळतात. मी म्हणून १२ व्होल्ट डीसी कॉइलचा ३० अँपिअरचा रिले वापरतो, ज्याच्या माहितीपत्रकात मोटरचं रेटिंग एचपीत दिलेलं आहे. त्याचा १२ व्होल्ट अ‍ॅडॉप्टर ९० व्होल्टपासून चालतो, त्यामुळे कॉइलला मेनच्या चढउताराचं काही कळत नाही.

पॅनलवाले_काका
आक्षेप खरा आहे. पण १८० वर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. अशा वेळी कॉन्टॅक्टरने पकडायला नकार दिला तर मोटरच वाचते. तुमच्या रिलेसोबत ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की पंप तोडणारं संरक्षण आहे का?

गावाकडचा_इंजिनिअर
आहे, ७ अँपिअरला लावलेला. तिन्ही पोलांतून करंट फिरवून घेतलाय, नाहीतर एक पोल रिकामा राहिला की तो फेज गेल्यासारखा ट्रिप होतो. तरी संध्याकाळी पाणी चढवणं भाग असतं, त्यामुळे नकार देणारा कॉन्टॅक्टर मला परवडत नाही.

पॅनलवाले_काका
ओव्हरलोड असेल तर मी तुमच्याशी अर्धा सहमत. त्या ३० च्या रिलेचे कॉन्टॅक्ट अधूनमधून बघत राहा. माझी पसंती अजून कॉन्टॅक्टरलाच.

सांगलीकर_अनिकेत
सगळ्यांचे मनापासून आभार. आता एसएसआर घेत नाही. कॉन्टॅक्टर की ३० चा रिले, हे घरचं व्होल्टेज पाहून ठरवतो. दोन्ही वेळा पंप सुरू करताना मीटर लावून किती खाली जातं ते बघतो आणि इथे टाकतो. काका, २०० च्या वर राहिलं तर कॉन्टॅक्टर पक्का ना?

पॅनलवाले_काका
सुरू होण्याच्या क्षणीही २०० च्या वर असेल तर पक्का. मीटर पंपाच्या टर्मिनलवर लावा, मेन बोर्डावर नको. मधली वायर बारीक असेल तर खरी घट तिथेच दिसेल. मीटरला कमीत कमी आकडा पकडून ठेवायची सोय असेल तर ती चालू करा, डोळ्यांना तो क्षण सापडत नाही.