मदत हवी आहे: घरीच घेतलेल्या उपचारांच्या क्लेमसाठी डॉक्टरांचा दाखला

आई, वय ८४, गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. न्यूमोनियात ऑक्सिजन ८४ पर्यंत उतरला. उठवून बसवलं तरी आणखी खाली जायचा, त्यामुळे अरुंद लाकडी जिन्यावरून खाली न्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. घरीच ११ दिवस शिरेतून अँटिबायोटिक, भाड्याचं ऑक्सिजन मशीन आणि दोन वेळा नर्स. आता ती बरी आहे.

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत डोमिसिलिअरी, म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांचं, कव्हर आहे. तीन दिवसांहून जास्त उपचार ही अट पूर्ण होते. वगळलेल्या आजारांत ब्राँकायटिस आहे, न्यूमोनिया नाही. तारीखवार बिलं, एक्स-रे, प्रिस्क्रिप्शन आणि दाखला जोडून मुदतीत क्लेम केला. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली: रुग्णाला हलवणं शक्य नव्हतं हे दाखल्यातून सिद्ध होत नाही. खरंच, त्यात एवढंच आहे: ‘घरी उपचारांचा सल्ला दिला.’ हे वाक्य आधी माझ्याच लक्षात यायला हवं होतं.

डॉक्टर पुरवणी दाखला द्यायला तयार आहेत, पण मागची तारीख टाकणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. नर्सच्या वहीत रोजच्या ऑक्सिजनच्या नोंदी आहेत, त्यांची प्रत जोडणार आहे. उत्तराला सात दिवस उरलेत.

असा क्लेम कुणाचा मंजूर झाला असेल, तर दाखल्यात आणि सोबतच्या पत्रात ‘हलवणं अशक्य’ हे नेमकं कसं लिहिलं होतं? आजच्या तारखेचा पुरवणी दाखला चालला का?