मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या अ‍ॅपमध्ये 'घेतली' दाबलेलं नोंदलंच जात नाही

कोथरूडकर_निखिल: आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी गोळ्यांची आठवण करणारं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. यादीतल्या ओळीवर टॅप केलं की 'घेतली' अशी नोंद होते, दाबून धरलं की ओळ पुसायचा पर्याय येतो. ओळीची उंची ठरलेली, 48dp. बऱ्याच आजी-आजोबांची तक्रार आहे की दाबूनही काही होत नाही. शिवाय फोनची अक्षरं सगळ्यात मोठी केली की उकार आणि वेलांट्या कापल्या जातात. काय करावं?

सदाशिव_पेठी: ओळ 72dp करा आणि अक्षरं 1.3 पटीच्या वर जाऊच देऊ नका. दोन्ही प्रश्न मिटतील.

मंजिरी_ताई: ओळ मोठी करणं ठीक, पण अक्षरांना लगाम घालू नका. ज्यांनी ती मोठी केली त्यांना तशीच दिसतात म्हणून केली. ठरलेली उंची काढा, फक्त किमान उंची ठेवा:

```kotlin
Modifier.heightIn(min = 56.dp)
```

मराठी अक्षराला वर रफार, खाली उकार असतो. ओळीला वाढायला जागा हवी.

टॅप हरवण्याचं कारण मात्र वेगळं वाटतंय. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Pointer location सुरू करा, आजींना नेहमीसारखं दाबू द्या आणि पडद्यावरची रेघ बघा. बोट जेमतेम अर्धा सेकंद टेकलं तरी फोन ते 'दाबून धरलं' असं धरतो, मग टॅप होतच नाही. आणि बोट साधारण 8dp सरकलं की यादी त्याला स्क्रोल समजते. सावकाश, जोर देऊन दाबणाऱ्यांचं हे दोन्ही होतं. दाबून धरणं काढून टाका, पुसायची सोय वेगळ्या पानावर न्या.

वानवडीची_सुषमा: माझ्या आईच्या फोनवरही अक्षरं बारीक आहेत, कुठून मोठी करू? बटणं तिला नीट दाबता येतात.

मंजिरी_ताई: सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत 'फॉन्ट साइज' शोधा, सुषमाताई. कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते.

कोथरूडकर_निखिल: मंजिरीताई, अगदी तसंच दिसलं! एका आजींची रेघ बोटभर लांब होती. दाबून धरणं काढलं, 'घेतली' बटण यादीतून उचलून पडद्याच्या तळाशी एकटं ठेवलं, एका वेळी एकच गोळी दाखवतो. बहुतेकांचं काम झालं. पण एका आजोबांचा हात थरथरतो, दोनदा टॅप होतं आणि नोंद पुन्हा उलटते.

मंजिरी_ताई: मग एकच बटण चालू-बंद करू नका. पहिल्या टॅपनंतर ते निष्क्रिय करा आणि 'चुकून दाबलं' हे दुसरं बटण लांब, वरच्या कोपऱ्यात द्या.

सदाशिव_पेठी: आणि 'खरंच घेतली का?' असंही विचारा.

मंजिरी_ताई: रोज विचारलं की न वाचताच 'हो' दाबतात.

कोथरूडकर_निखिल: वरचं बटण आज करतो. पण न घेतलेली गोळी 'घेतली' अशी नोंदली गेली आणि आजोबांच्या लक्षातच आलं नाही, तर? मुलीच्या फोनवर रोजची नोंद पाठवावी का? संघातल्या काहींना ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं. कुणी असं काही केलंय का?