मिरवणुकीतल्या या ठेक्याला काय म्हणायचं?

शब्दखूळ: एका लघुपटाच्या मराठी उपशीर्षकांचं काम करतेय. ऐकू न येणाऱ्यांसाठी आहे, म्हणून आवाजही लिहायचे असतात. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीच्या प्रसंगाला मी 'ढोल-ताशांचा गजर' लिहिलं. दिग्दर्शिका म्हणते, चित्रपटात तीन ठिकाणी तीन वेगळे ठेके आहेत, तिन्हीला 'गजर' कसं चालेल? पहिले दोन जमले, तिसरा अडलाय. ऐकून असा लिहिलाय: धूम, थाप, धूम, थाप, मग धूम धूम धूम लागोपाठ, आणि मग अजून एक बारीक धूम. ताशा इतका भरभर आहे की वेग 'अतिद्रुत' लिहावासा वाटतो. याला नाव काय?

मोरावळा: आमच्या सोसायटीच्या पथकालाही नाव हवंय! सरावाला तीन आठवडे झाले तरी बारसं नाही. 'गर्जना' आणि 'नाद' हे शब्द सोडून काहीही सुचवा, ते सगळ्यांनी घेतलेत.

शब्दखूळ: मोरावळा, पथकाचं नाही हो, ठेक्याचं.

विलंबित: 'ठेका' तबल्याचा शब्द. इथे ताल म्हणा. आठ मात्रा दिसताहेत, म्हणजे केहरवा. उपशीर्षकात 'द्रुत केहरवा' लिहा, विषय संपला.

टिपरूवाला: विषय संपला कसा? अकरा वर्षं कमरेला ढोल बांधतोय, लक्ष्मी रस्त्यावर कुणाच्या तोंडून केहरवा ऐकला नाही. आम्ही 'हात' म्हणतो. 'हात बदल', 'हात उचल', 'पुढचा हात घे.' नाव ठोक्यांवरून पडतं. शब्दखूळताई, आधी ताशा विसरा. ताशाची तर्री सुरू झाली की ढोलाच्या एका घावात ताशाच्या काड्या चार-चारदा पडतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वेग दुप्पट झाला. टिपरूच्या बाजूचे जाड घावच मोजा. वीस सेकंदांत हा हात पहिल्यापासून किती वेळा फिरतो?

शब्दखूळ: मोजलं. सुरुवातीला वीस सेकंदांत नऊ वेळा. शेवटी वेग वाढतो, तिथे साडेबारा वेळा.

टिपरूवाला: म्हणजे सुरुवातीला एका फेरीला सव्वादोन सेकंद, थोडे कमीच. आठांनी भागलं तर एका मोजणीला पाव सेकंदाहून किंचित जास्त. हा आरामात चालत वाजवायचा वेग आहे, अतिद्रुत वगैरे काही नाही. आता घाव: एक, तीन, पाच, सहा, सात. दोन आणि चारला थापी. आठ रिकामा. आमच्याकडे याला 'पाच ठोका' म्हणतात.

शब्दखूळ: पण मला सहा ऐकू येतात! सातव्यानंतरचा तो बारीक धूम?

पेठकरीण: तो आमच्याकडे असतो. आमच्या पथकात याला 'तिसरा हात' म्हणतात आणि शेवटी एक हलका घाव मुद्दाम टाकतात. सहाच आहेत.

टिपरूवाला: असेलही, पण एक शंका आहे. ताई, रेकॉर्डिंग कुठे उभं राहून केलंय?

शब्दखूळ: पथकाच्या अगदी तोंडाशी, ताशांजवळ. दोन रांगा होत्या, एकेका रांगेत तीसेक ढोल. शेवटचा ढोल दिसतही नव्हता.

टिपरूवाला: बरोबर. तीस ढोलांची रांग म्हणजे पस्तीसेक मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा ताशा मागच्या माणसाला एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. तो त्या उशिरावर टिपरू मारतो, आणि त्याचा घाव तुमच्या फोनपर्यंत यायला आणखी एक दशांश. एकूण दोन दशांश. बाकी घावांच्या मागून येणारी ही सावली थापीत आणि पुढच्या घावात बुडते, आठवा रिकामा असतो म्हणून तिथे ती उघडी पडते. म्हणून तर पुष्कळ पथकं ताशे रांगांच्या मधे घेतात. नवी पोरं मागे उभी केली की हे आणखी वाढतं, कारण ती हाताकडे न बघता कानावर वाजवतात. ओळखायची खूण सांगतो. खरा घाव असेल तर वेग वाढला तरी तो मोजणीतली जागा सोडत नाही. सावली मात्र सेकंदांतच तेवढीच राहते.

शब्दखूळ: थांबा, दोन्ही टोकं पुन्हा ऐकते.

कुडाळची: आमच्याकडे शिमग्याला पालखीपुढे ढोल वाजतो त्याला कुणी आकडे लावत नाही. 'पालखी नाचवायचो' आणि 'पालखी चालवायचो', एवढ्यावर भागतं. माझे आजोबा ढोलाचा आवाज ऐकून सांगायचे, पालखी कोणाच्या अंगणात पोचली ते. तुमच्या उपशीर्षकात पण तसंच लिहा ना, 'नाचायचा ठेका'.

विलंबित: भाषेची काही शिस्त असते की नाही? 'हात' ही पथकांतली बोली झाली. उद्या 'बीट' म्हणाल.

बोस्टनकर: माझा एक सहकारी त्रिनिदादचा. त्यांच्याकडे मोहरमच्या मिरवणुकीत आणि लग्नांत ताशा वाजतो, ते त्याला 'टासा' म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ठेक्याला ते इंग्रजीत चक्क 'हँड' म्हणतात. मी पुण्यातला 'हात' सांगितला तेव्हा तो खुर्चीतून उठला. तेव्हा हा शब्द काल पेठेत जन्मला नाही.

विलंबित: तिथे गेलेले मजूर बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यावरून मराठी 'हात' जुना ठरत नाही.

बोस्टनकर: पुण्याचाच आहे असंही ठरत नाही.

शब्दखूळ: ऐकलं! हळू भागात तो बारीक धूम सात आणि आठच्या मधे कुठेतरी लटकतोय, आठाच्या जरा आधी. वेगवान भागात बरोब्बर आठावर येतो.

टिपरूवाला: वेगवान भागात फेरी १.६ सेकंदांची, म्हणजे एक मोजणी दोन दशांशाची. सावलीही दोन दशांशाचीच. म्हणून तिथे ती खऱ्या घावासारखी चोख बसते आणि सहा ऐकू येतात. पाचच आहेत.

पेठकरीण: तुमच्या ताईंच्या रेकॉर्डिंगमध्ये पाच असतील. आमच्या तिसऱ्या हातात सहाच. आणि मागची पोरं सरळ उशिरा वाजवत असतील, त्याला ३४० मीटर कशाला हवेत?

टिपरूवाला: हेही खरं. समोरच्या इमारतीवरून येणारा प्रतिध्वनीही असू शकतो. पण सहावा ठोका नव्हे.

शब्दखूळ: मग 'पाच ठोका, मध्यम लय' लिहू? पथक कोणतं ते माहीत नाही. त्यांच्यात याला तिसरा हात म्हणत असतील तर?

विलंबित: 'मध्यम लय' चालेल. 'ठोका' नाही.

कुडाळची: ऐकू न येणाऱ्या माणसाला 'पाच ठोका' वाचून काय कळणार? 'दोन सुटे घाव, मग तीन सलग' असं लिही गो.

मोरावळा: ताशाचा विषय निघालाच आहे तर, 'ताशेरे ओढणे' हे ताशावरूनच ना? तडतड वाजवतात तसं तडतड बोलायचं. आणि 'ताशा' हा शब्दही तडतडीवरूनच आला असणार.

बोस्टनकर: ताशा तडतडीवरून नाही. फारसीत तास म्हणजे वाटी, पसरट भांडं. ताशाचं खोड उलटं करून बघा, कढईच आहे.

विलंबित: आणि ताशेरे मुळात 'झाडायचे' असतात. 'ओढणे' आसूड ओढण्यावरून घुसलं.

पेठकरीण: कोर्टाने ताशेरे ओढले असंच सगळीकडे छापतात. झाडले म्हटलं तर लोक केरसुणी शोधतील.

विलंबित: छापतात म्हणून बरोबर का?

मोरावळा: म्हणजे पथकाचं नाव 'ताशेरे' ठेवलं तर चालेल?