लेन्सची फोकल लेंथ, डिस्प्लेसमेंट मेथड: रिपोर्टमधली एरर एवढी मोठी का येते?

कळव्याची_स्नेहा
नमस्कार. मी ठाण्यात एफवायबीएससीला आहे. फिजिक्सच्या जर्नलमध्ये डिस्प्लेसमेंट मेथडने कन्व्हर्जिंग लेन्सची फोकल लेंथ काढायची आहे. रीडिंग्ज चांगली आली आहेत. जाळी आणि पडदा यांच्यातलं अंतर D, लेन्सच्या दोन जागांमधलं अंतर d, सगळं सेंटिमीटरमध्ये:

D = ७०.०, d = २६.८, f = १४.९३
D = ८०.०, d = ४०.२, f = १४.९५
D = ९०.०, d = ५१.६, f = १५.१०

सूत्र `f = (D² − d²)/4D`. D मध्ये ०.२ आणि d मध्ये ०.४ ची एरर धरली. वरच्या दोन्ही वर्गांचे २-२ आणि खालच्या D चा १, असं करून `Δf/f = 3ΔD/D + 2Δd/d` लिहिलं. ८०च्या रीडिंगला उत्तर येतं ±०.४१. पण तिन्ही किमती तर एकमेकींपासून ०.१७च्या आत आहेत. जर्नल शुक्रवारी सर्टिफाय करून घ्यायचं आहे. काय लिहू?

ऐरोली_आई
माझा मुलगा बारावीला आहे, त्यांनाही लेन्सचं प्रॅक्टिकल आहे. तो u आणि v घेतो आणि 1/u, 1/v चा ग्राफ काढतो. तसाच ग्राफ काढलास तर एरर कमी होईल का? आणि ऑप्टिकल बेंच घरी आणून सराव करता येईल असा कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?

कळव्याची_स्नेहा
काकू, आमच्या प्रयोगात u, v मोजतच नाहीत, लेन्स सरकवून दोन ठिकाणी स्पष्ट प्रतिमा शोधतात. बेंचचं मला माहीत नाही.

वाशीचा_मंदार
तुझा घोळ वजाबाकीमुळे आहे. D² − d² मध्ये वजाबाकी आहे, तिथे घातांकाचा नियम चालत नाही. लॉग घेऊन डिफरन्शिएट कर:
`Δf/f = (2DΔD + 2dΔd)/(D² − d²) + ΔD/D`
८०च्या रीडिंगला ±०.२४ येईल. आम्ही असंच लिहायचो आणि पूर्ण मार्क मिळायचे.

निवृत्त_प्रयोगशाळा
मंदार, वजाबाकीचं बरोबर पकडलंस, पण D वरही आहे आणि खालीही आहे. ते एकच माप आहे. पट्टी जास्त वाचली तर वरचा D वाढतो आणि खालचाही वाढतो, म्हणजे दोन परिणाम एकमेकांना थोडे खोडतात. तू शेवटी अधिक घातलंस, तिथे D साठी `2D/(D² − d²) − 1/D` हवं. त्या एका चिन्हाने D चा वाटा ०.०६च्या जागी ०.१४ झाला.

स्नेहा, लॉगच्या वाटेला जाऊच नकोस. f ला आधी D ने, मग d ने डिफरन्शिएट कर:
`∂f/∂D = (1 + d²/D²)/4`
`∂f/∂d = −d/2D`
D = ८०, d = ४०.२ घातलं की पहिला ०.३१, दुसरा ०.२५. म्हणजे D मध्ये ०.२ चुकलं तर f मध्ये ०.०६, आणि d मध्ये ०.४ चुकलं तर f मध्ये ०.१०. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घे: ०.१२. तुझ्या किमतींच्या पसरणीशी हे जुळतं.

तुझं सूत्र कुठे कोसळतं तेही करून बघ. D = ६२ घेतलास तर या लेन्सला d साधारण ११ येईल. तुझ्या सूत्रात नुसता d चा भाग ७ टक्के होतो. खरा गुणक मात्र तिथे ०.०९ आहे, म्हणजे ०.४च्या चुकीने f फक्त ०.०४ने हलतो.

वाशीचा_मंदार
पटलं. मग D मुद्दाम 4f च्या जवळच घ्यावा की. d लहान, गुणक लहान, एरर नाहीशी!

निवृत्त_प्रयोगशाळा
गुणक लहान होतो, पण d मधली चूक तेवढीच राहत नाही. 4f जवळ लेन्स बरीच इकडेतिकडे सरकवली तरी प्रतिमा स्पष्टच दिसते, कारण तिथे लेन्स पुढे नेली तरी प्रतिमेची जागा जेमतेम हलते. त्यामुळे ०.४ची चूक १ सेंटिमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि गुणकातून मिळालेला फायदा बराचसा तिथेच जातो. मी मुलांना 4.5f ते 6f च्या दरम्यान घ्यायला सांगायचो. स्नेहाने घेतलेले आकडे त्यातच बसतात.

आता ०.४ कुठून आणलंस ते सांग. लीस्ट काउंट तर ०.१ आहे.

कळव्याची_स्नेहा
सर, लेन्स हळूहळू सरकवून प्रतिमा कुठून कुठपर्यंत स्पष्ट वाटते ते पाहिलं. मोठ्या प्रतिमेला हे फार कमी होतं, लहान प्रतिमेला खूप जास्त. मग दोन्हींना सारखंच ०.३ धरलं, वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं तर ०.४२ आलं, ते ०.४ केलं.

निवृत्त_प्रयोगशाळा
छान केलंस. पण सारखं धरू नको. D = ८० ला मोठी प्रतिमा जवळजवळ तिप्पट असते. तिथे लेन्स १ मिलिमीटर हलली तर प्रतिमेची जागा सुमारे ८ मिलिमीटर जाते आणि जाळीच्या तारा लगेच पुसट होतात. लहान प्रतिमेला तेवढ्याच हालचालीत प्रतिमा १ मिलिमीटरही हलत नाही. म्हणून मोठीला ०.१ आणि लहानीला ०.३ लिही, आणि दोन्हीकडे पुसट व्हायच्या टोकांची रीडिंग्ज घेऊन मध्य काढ. d ची एरर मग ०.३२ होते, f ची एकूण ०.१०.

मुंब्रा_लॅब
मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडे स्टँडच्या खुणेवर जाळी असतेच असं नाही, पडदाही अर्धा सेंटिमीटर मागेपुढे असतो. त्याचं काय करायचं?

निवृत्त_प्रयोगशाळा
हाच खरा प्रश्न आहे. लेन्स तिच्या खुणेपासून सरकलेली असली तरी d मध्ये दोन्ही जागांना तेवढीच चूक येते आणि वजा होऊन जाते, ही या पद्धतीची खुबी. D ला तशी सवलत नाही. अर्धा सेंटिमीटर चुकलं तर f मध्ये सुमारे ०.१५ जाईल, आणि तिन्ही D ला एकाच बाजूला, जवळजवळ सारखंच जाईल. सरासरी घेऊन ते कमी होत नाही, पसरणीतही दिसत नाही. माहीत असलेल्या लांबीची सळई जाळी आणि पडद्याच्या मध्ये टेकवून खुणांमधलं अंतर वाचा. जो फरक येईल तो दुरुस्ती म्हणून D मध्ये धरा. तेवढं केलं की ०.२ ची एरर सांगता येते.

कळव्याची_स्नेहा
म्हणजे सरासरीच्या एररला ३च्या वर्गमूळाने भागायचं नाही?

निवृत्त_प्रयोगशाळा
d च्या भागाला भाग, D च्या भागाला नाही. ०.०८ला भागलंस तर ०.०५, आणि D चे ०.०६ तसेच. एकूण ०.०८ होईल, म्हणजे f = १५.० ± ०.१ सेंटिमीटर असं लिही. १४.९९६ ± ०.०७८ लिहू नको.

वाशीचा_मंदार
पण पुष्कळ परीक्षक वर्गमूळ न घेता सरळ बेरीज मागतात, जास्तीत जास्त चूक म्हणून. सर्टिफिकेट द्यायला तेच बसणार ना?

निवृत्त_प्रयोगशाळा
मागत असतील तर ०.०६ + ०.०८ = ०.१४ लिही आणि वर "जास्तीत जास्त चूक" असं नमूद कर. माझ्या मते दोन स्वतंत्र मापांना वर्गांची बेरीजच योग्य.

मुंब्रा_लॅब
आमच्याकडे बेरीजच चालते. सळईचं उद्या बघतो, बेंचवर सुई आहे पण तिची लांबी कुणी मोजलेली नाही.

कळव्याची_स्नेहा
मलाही सळई लागेल. जर्नलच्या आधी एकदा लॅबमध्ये जाऊन D ची दुरुस्ती काढते, आणि लहान प्रतिमेची टोकं परत वाचते. बेरीज की वर्गमूळ, ते कॉलेजातल्या सरांनाच विचारते.